रेडिमेड ब्लेझर: खांदा बसला तर बटण ताणतं, बटण बसलं तर खांदा पडतो

निफाडकर (धागाकर्ता)

मंडळी, २२ तारखेला मेव्हण्याचं रिसेप्शन आहे आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा ब्लेझर घेतोय. कॉलेजात असताना एकदा मित्राचा मागून घातला होता. त्या फोटोत मी बँडपथकातून वाट चुकून आल्यासारखा दिसतो, म्हणून या वेळी जरा विचारून घ्यावं म्हटलं.

काल नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात तासभर काढला. माझी उंची ५ फूट ५ इंच, छाती ३९, आणि पोटाचंही खरं सांगायचं तर ३८. नेव्ही ब्लू, दोन बटणांचा ब्लेझर पाहिला. ४० नंबरचा घातला तर खांदे झकास, पण वरचं बटण लावलं की बटणापासून चारी दिशांना सुरकुत्या. ४२ चा घातला तर बटण आरामात लागतं, पण खांदा बाहेर पडल्यासारखा वाटतो. बाही दोन्हींत लांब, ४२ ची तर अंगठ्याच्या पेरावर येते.

सेल्समन म्हणाला, "सर, ४२ घ्या, सगळं अल्टर होतं." बायको म्हणाली ४० घ्या, पोट आत घ्या. मी काहीच न घेता परत आलो. यातलं नंतर काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही, एवढंच मला कळायला हवं. शिवून घ्या असं कृपया सांगू नका. लग्नसराई आहे, आमच्या शिंप्याने मला दारातूनच हात जोडले.

आबा_करवीर

जोधपुरी घ्या. गळ्यापर्यंत बंद असतो, आतला शर्ट कसलाही चालतो, टाय नको. मी थोरल्याच्या लग्नात घातला होता, अजून येतो. बटणं मात्र सगळी लावायची, एकही उघडं ठेवायचं नाही.

टग्या

आबा, तो ब्लेझरबद्दल विचारतोय. हे म्हणजे मिसळ कशी निवडू विचारलं की थालीपीठ घ्या सांगणं.

आबा_करवीर

थालीपीठ काय वाईट आहे?

हापूसप्रेमी

साधा नियम आहे. कपडा आत घेता येतो, बाहेर काढता येत नाही. म्हणून नेहमी एक नंबर मोठा घ्यायचा आणि बाकी शिंप्यावर सोडायचं. खांद्यात दोन बोटं जागा हवीच, नाहीतर हात वर करताना उसवतो. बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत. मी तीन ब्लेझर असेच घेतलेत. तुम्ही ४२ घ्या.

सुईदोरा

ठाण्याला एका मोठ्या दुकानाच्या अल्टरच्या टेबलावर १९ वर्षं काढली, म्हणून लिहितो. हापूसप्रेमींचा नियम पँटला चालतो, शर्टला बऱ्यापैकी चालतो. ब्लेझरच्या कमरेला आणि पोटालाही चालतो. खांद्याला तो लावलात की पैसे गेले.

कारण सांगतो. शर्टाचा खांदा म्हणजे एक शिवण. ब्लेझरच्या खांद्यात पॅड असतो, छातीच्या आतल्या थराचं वरचं टोक तिथेच येतं, आणि बाहीचा वरचा गोल थोडा चुण्यांनी मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापात, बसवलेला असतो. खांदा अर्धा इंच आत घ्यायचा तर अस्तर उसवा, बाही काढा, पॅड काढा, खांदा कापा, मग मुंढ्याचा आकार बदलला म्हणून बाहीचा गोल पुन्हा कापा आणि पुन्हा बसवा. दिवसभराचं काम, आणि मजुरीही त्याच मापाची. एवढं करून बाही पूर्वीसारखी पडेल याची खात्री मी स्वतः कधी दिली नाही. म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचो, खांदा दुकानात बसला पाहिजे, बाकीचं आपण बघू.

आता तुमच्या सांगण्यात मला एक गोष्ट खटकते. बहुतेक कंपन्यांत एका नंबरातून पुढच्या नंबरात खांद्याची पूर्ण रुंदी साधारण अर्धाच इंच वाढते, म्हणजे एका बाजूला पाव इंच. ४० झकास आणि ४२ थेट पडलेला असं एकदम होत नाही. ४२ खरोखर बाहेर लोंबत असेल तर ४० सुद्धा अगदी काठावर असणार. किंवा ते दोन वेगळ्या कटचे असतील. आरशात समोरून बघून खांदा कळत नाही हो. पुन्हा जाल तेव्हा भिंतीची परीक्षा करा.

ब्लेझर घालून भिंतीला बाजू करून उभे राहा, हात सैल सोडा, आणि पाय न हलवता हळूच भिंतीकडे झुका. भिंतीला आधी तुमचा दंड लागायला हवा, फार तर दंड आणि पॅड बरोबर लागावेत. पॅड आधी टेकून चेपला तर खांदा मोठा. दुसरी खूण बाहीच्या वरच्या टोकाखाली बघा. खांदा मोठा असेल तर पॅडखाली आधाराला हाड नसतं, म्हणून तिथे खळगा पडतो, गाल बसल्यासारखा. खांदा छोटा असेल तर उलटं होतं, दंडाचा गोळा शिवणीबाहेर फुगलेला दिसतो आणि शिवण त्याच्यावर चढते. दोन्ही खुणा हात खाली सोडूनच बघायच्या. हात वर केल्यावर कुठलाही ब्लेझर वाईटच दिसतो.

आणि एक विचारतो, ट्रायलच्या वेळी आत कोणता शर्ट होता?

निफाडकर

हाफ शर्ट. ऑफिसमधून तसाच गेलो होतो.

कट वेगळे होते का ते बघितलं नाही. ४० वर आत काहीतरी "स्लिम" लिहिलं होतं खरं. मी म्हटलं चांगलंच आहे, बारीक दिसू.

टग्या

ब्लेझरने बारीक दिसता आलं असतं तर जिमवाल्यांनी ब्लेझरच विकले असते.

राइनकाठचा

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात ब्लेझर घ्यावा लागला आणि नंबरांनी गोंधळलो, तेव्हा थोडं अनुभवाचं. इथला ४८ म्हणजे आपल्याकडचा ३८, ५० म्हणजे ४०. दहा वजा करायचे. भारतातही काही परदेशी ब्रँड असे नंबर लावतात, त्यामुळे लेबल नीट वाचा.

मुद्दा वेगळाच आहे. मीही ५ फूट ५ इंच. पहिला ब्लेझर ५० चा घेतला, बाही शिंप्याकडून कमी करून घेतली, तरी काहीतरी विचित्र दिसत होतं. धड लांब आणि पाय आखूड. वर्षभराने एका म्हाताऱ्या विक्रेत्याने २५ नंबरचा हातात दिला. मला वाटलं लहान मुलांचा आहे. तर इथे बुटक्या माणसांसाठी नंबर निम्मा करून लिहितात, ५० चा बुटका अवतार म्हणजे २५. छाती तीच, पण बाही आखूड, लांबी आखूड, आणि बटणही वर. तो घातल्यावर कळलं की पहिल्या ब्लेझरचा दोष बाहीत नव्हताच, बटण खाली होतं.

निफाडकर, तुमचं बटण बेंबीच्या वर येत होतं की खाली, आठवतंय का?

निफाडकर

बेंबीवर किंवा थोडं खाली. नक्की आठवत नाही, माझं लक्ष सुरकुत्यांकडे होतं.

सुईदोरा

राइनकाठच्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. खांद्यानंतर ज्याला हात लावता येत नाही अशी दुसरी जागा म्हणजे बटणाची उंची. काज कापलेलं असतं. बटण वर शिवता येईल, पण काज वर कसं नेणार? कॉलरची पुढची घडीसुद्धा त्याच काजाजवळून वळलेली असते. लोक बटण सैल की घट्ट एवढंच बघतात, कुठे आहे ते बघत नाहीत.

दोन बटणांच्या ब्लेझरमध्ये फक्त वरचं लावायचं, खालचं उघडं. वरचं बटण कमरेच्या वळणावर हवं. ते वळण शोधायची सोपी रीत आहे. सरळ उभे राहून एका बाजूला वाका, जिथे अंग घडी घेतं तिथे तुमची खरी कंबर. बहुतेकांची ती बेंबीच्या बोट-दोन बोटं वर असते. पट्टा बांधतो ती जागा कंबर नव्हे, आपण पँट तिच्या बरीच खाली घालतो.

पोट असलेल्या माणसाला याचा जास्त फरक पडतो. पोटाचा सगळ्यात पुढे आलेला भाग बहुतेक बेंबीवर किंवा खाली असतो. बटण तिथेच आलं तर त्याला सगळ्यात मोठा घेर बांधावा लागतो, म्हणून ते ताणतं. तेच बटण दोन बोटं वर असेल तर घेर कमी, आणि खाली ब्लेझर दोन्ही बाजूंना मोकळा उघडतो. माणूस मोठा नंबर मागतो, आणि कधीकधी त्याला हवं असतं त्याच नंबरात वर बटण असलेला दुसरा कट.

ताण मोजायचा असा. बटण न लावता दोन्ही पुढे सैल सोडा, हलक्या हाताने जवळ आणा, आणि काजापासून बटण किती कमी पडतं ते बघा. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सोपं, बटण तेवढंच काठाकडे सरकवून भागतं. त्याहून जास्त सरकवलं तर पुढची बाजू तिरकी दिसते. एक-दीड इंच कमी पडत असेल तर पाठीच्या मधल्या आणि बाजूच्या शिवणींतलं कापड सोडावं लागतं. ते आत आहे की नाही हे अस्तरावरून चिमटीत शिवण पकडून कळतं, आत जाड पट्टी लागते. काही कंपन्या ठेवतात, काही अजिबात ठेवत नाहीत. बटण लावल्यावर तळहात सपाट आत सरकला पाहिजे, आणि मूठ घातली तर कापड ताणलं पाहिजे. मूठही आरामात जात असेल तर पोटाला सैल. ते मात्र आत घेता येतं, काळजी नको.

आणि सेल्समनवर लक्ष ठेवा. तो कौतुक करत मागे उभा राहतो आणि पाठीचं कापड चिमटीत धरतो, समोरून एकदम फिट दिसतं. त्याला म्हणावं, हात काढा. मग मोबाइलने पाठीचा फोटो घ्यायला सांगा.

हापूसप्रेमी

सुईदोरा, तुमचा अनुभव मान्य, पण खांद्यात जागा नसेल तर हात हलवायचे कसे? मला ऑफिसात दिवसभर घालून बसायचं असतं. म्हणून तर मी मोठा घेतो.

सुईदोरा

हात हलणं खांद्यावर नाही, मुंढ्यावर अवलंबून असतं. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात उचलला तरी ब्लेझर जागेवर राहतो. मुंढा खोल असेल तर हातासोबत अख्खा ब्लेझर वर येतो, कॉलर मानेपासून सुटते. मोठा नंबर घेतलात की मुंढाही खोल होतो, म्हणजे तुम्ही जे टाळायला जाता तेच पदरात पडतं. तुमच्या तिन्ही ब्लेझरांत हात वर केला की काय होतं, करून बघा.

हापूसप्रेमी

बघितलं. कॉलर कानाला लागते. पण मला त्यात सैल वाटतं आणि मी तसाच घालणार.

मनवा

मध्येच विचारते. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, मलाही रेडिमेडच घ्यायचाय. खांदा, बाही नीट बसतात, पण बटण लावलं की छातीपाशी कॉलर उघडून वर उचलली जाते. एक नंबर मोठा घेतला तर खांदा पडतो. निफाडकरांचीच गोष्ट, फक्त जागा वेगळी. बायकांच्या ब्लेझरमध्ये बटण कुठे यायला हवं?

सुईदोरा

मनवाताई, खांद्याची परीक्षा तीच. बाकी आमच्या टेबलावर नव्वद टक्के काम पुरुषांचं होतं, त्यामुळे ठामपणे नाही सांगत. कॉलर उचलली जाते म्हणजे छातीला कापड कमी पडतंय एवढं नक्की. ते सोडायला पुढे शिवणच नसते, म्हणून तो ताण बहुधा सुटत नाही. छातीखालून उभी शिवण असलेला कट मिळाला तर घालून बघा, तिथे थोडी हालचाल करता येते. इथे कुणी लेडीज टेलर असतील तर त्यांनी सांगावं.

निफाडकर

आज पुन्हा गेलो होतो. या वेळी फुल शर्ट, रिसेप्शनला घालायची पँट आणि बूट घालून. ट्रायल रूमबाहेरच्या भिंतीला झुकत होतो तेव्हा सिक्युरिटीवाल्याने येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

वृत्तांत असा. ४२ चा पॅड आधी टेकला आणि चेपला, खाली खळगाही स्पष्ट दिसला. निकालात. ४० स्लिमचा पॅड आणि दंड बरोबर टेकले, सुईदोरा म्हणाले तसा काठावरच आहे. पण बटण बेंबीच्या बोटभर खाली, आणि सैल सोडल्यावर काजापासून दोन बोटं कमी. शिवण चाचपली, आत काहीच नाही.

मग समोरच्या दुकानात गेलो. तिथे ४० नंबरचाच पण साध्या कटचा मिळाला. खांदा तसाच काठावर, पण पास. बटण बेंबीच्या बोटभर वर. तळहात जातो, मूठ घातली तर ताणतो. बटणाखाली शर्टाचा त्रिकोण दिसत होता, तो पँट जरा वर ओढल्यावर गेला. रंग नेव्हीऐवजी कोळशासारखा राखाडी, बायकोला जास्त आवडला.

दोन प्रश्न उरलेत. बाही शर्टाच्या कफच्या खाली जाते, जवळपास सव्वा इंच कमी करावी लागेल. आणि पाठीच्या फोटोत उजवीकडे कॉलरखालून काखेकडे एक तिरकी सुरकुती दिसते, डावीकडे नाही.

सुईदोरा

सुरकुती आधी. तुमचा उजवा खांदा उतरता आहे. बॅग त्याच खांद्याला लावता ना? बऱ्याच जणांचं असतं. त्या बाजूच्या पॅडखाली पातळसा दुसरा पॅड घालायचा, तासाभराचं काम आहे आणि सुरकुती जाते. यासाठी ब्लेझर सोडू नका.

बाहीला घाई नको. आधी पॅड बसवून घ्या, कारण खांदा वर आला की त्या बाजूची बाहीही थोडी वर जाईल. मग दोन्ही हात सैल सोडून, दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मोजा. शर्टाचा कफ मनगट संपून तळहात सुरू होतो तिथे असेल, तर ब्लेझरची बाही त्याच्या अर्धा इंच वर. अंगठ्याच्या मुळापर्यंत ओव्हरकोट घालतात.

घेण्याआधी बाहीची बटणं बघा. खरी काजं कापलेली असतील तर खालून कमी करता येत नाही, वरून मुंढ्यातून करावी लागते, म्हणजे पुन्हा बाही काढणं आलं. नुसती बटणं शिवलेली असतील तर उत्तम. तिसरा प्रकार म्हणजे काजाची खोटी शिलाई, कापलेली नाही पण दोऱ्याने काढलेली. ती उसवली की गडद कापडावर भोकं राहू शकतात. सव्वा इंच कमी करताना बटणं वर सरकवायला सांगा, नाहीतर शेवटचं बटण अगदी काठावर येऊन बसतं. आळशी कारागीर ते तसंच ठेवतो.

टग्या

कफ अर्धा इंच दिसायला हवा हे ठीक, पण आपल्याकडे अर्धे लोक ब्लेझरखाली हाफ शर्टच घालतात. त्यांनी काय दाखवायचं, घड्याळ?

राइनकाठचा

हाफ शर्टवर ब्लेझर घालू नये, बस.

टग्या

मे महिन्यात जळगावला लग्नाला या, मग सांगा.

सुईदोरा

हाफ शर्टवालेही गिऱ्हाईकच होते. त्यांची बाही मी मनगटाच्या हाडाच्या जरा खाली ठेवायचो, म्हणजे उघडा हात कमी दिसतो. माझा साथीदार त्यांनाही हाडावरच ठेवायचा. आमचं यावर शेवटपर्यंत पटलं नाही.

निफाडकर

बटणं नुसती शिवलेली आहेत, काजं नाहीत. घेतला! दुकानातल्याच मास्टरकडे पॅड आणि बाहीला दिलाय, शुक्रवारी मिळेल. त्यांना बटणं सरकवायचं सांगितलं तर म्हणाले, तुम्ही शिवणकाम करता का?

मनवा

अभिनंदन. माझ्या बटणाचं अजून कुणी सांगितलं नाही. उद्या उभ्या शिवणीवाले दोन घालून बघते आणि इथेच लिहिते.

सुईदोरा

निफाडकर, शुक्रवारी हातात आला की दोन्ही बाह्यांचे काठ एकमेकांना लावून बघा, आणि उजव्या पॅडचा टाका अस्तरातून टोचत नाही ना तेही. पाठीमागच्या चिरेला पांढऱ्या दोऱ्याची फुली असेल, ती कापून टाका. बाहीवर ब्रँडची पट्टी असेल तर तीही.

निफाडकर

पट्टी काढायची? मला वाटलं ती दाखवायलाच असते.

आबा_करवीर

जोधपुरीला पट्टी नसते.